फोटोतली कविता

परीक्षा जवळ आली की मराठीच्या शिक्षकांच्या फोनवर पुस्तकाच्या पानांचे फोटो येऊ लागतात. पान तिरके असते, कडेला अंगठा आलेला असतो, ट्यूबलाइटचा पांढरा डाग नेमका मधल्या ओळीवर पडलेला असतो. खाली एवढेच लिहिलेले : ‘सर, या कवितेची मध्यवर्ती कल्पना आणि अलंकार सांगा ना. उद्या पेपर आहे.’

मुलांना हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. मध्यवर्ती कल्पना म्हणजे चार गंभीर वाक्ये आणि अलंकार म्हणजे नावांची यादी, असा त्यांचा हिशोब असतो. शिकवणीच्या नोट्सही त्याच बेताने छापलेल्या असतात, त्यामुळे दोष एकट्या मुलांना देता येत नाही. दहावीच्या कुमारभारतीत लेखी परीक्षेच्या 80 गुणांपैकी 16 पद्याला असतात आणि त्यातले 4 रसग्रहणाला. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या तीन मुद्द्यांना धरून रसग्रहण लिहायचे असते. मध्यवर्ती कल्पना पहिल्या मुद्द्यात जाते, अलंकार पुढच्यात. मुद्दे असे वेगळे मांडले, तरी कवितेत ती एकच गोष्ट असते, हे एक कविता हातात घेऊन पाहू. पाठ्यपुस्तकातली न घेता याच लेखासाठी रचलेली एक साधी कविता घेतो. नाव ‘बांध’. समजा, तिचा फोटो आला आहे आणि त्यात एवढे दिसते :

दोन भावांच्या शेतात
बांध मातीचा हा ओला
जसा भरल्या घरात
सणासुदीला अबोला

अंगावर हरळीची
घेई गोधडी ओढून
दोन्हीकडची भांडणे
ऐकतो हात जोडून

पावसाचे पाणी धावे
बांधाइकडे तिकडे
शिवाया बसली
माय फाटके लुगडे

हा फोटो पाठवणारी मुलगी हुशार आहे असे धरू. तिने स्वतःही प्रयत्न केला आहे. तिचे उत्तर असे : ‘या कवितेत कवीने दोन भावांच्या शेतातील बांधाचे वर्णन केले आहे. भावाभावांत भांडण झाल्यामुळे घर दुभंगते व आईला फाटके लुगडे शिवत बसावे लागते. जमिनीच्या वाटणीमुळे नाती तुटतात ही या कवितेची मध्यवर्ती कल्पना आहे. अलंकार : उपमा, अनुप्रास, यमक.’

उत्तर आळशीपणाचे नाही, वाचून लिहिलेले आहे. तरीही त्यात दोन मोठ्या गडबडी आहेत आणि दोन्हींचा उगम फोटोत आहे.

पहिली गडबड आईची. बांधावर एकदम आई कुठून आली? पहिल्या दोन कडव्यांत तिचा मागमूस नाही. अशा वेळी अर्थ लावत बसण्याआधी अक्षरे मोजावीत. ही कविता अष्टाक्षरीत आहे, म्हणजे प्रत्येक ओळीत आठ अक्षरे. जोडाक्षर एकच धरायचे, काना-मात्रा-वेलांटीने संख्या बदलत नाही. ‘दो-न-भा-वां-च्या-शे-ता-त’, आठ. ‘स-णा-सु-दी-ला-अ-बो-ला’, आठ. आता ‘शि-वा-या-ब-स-ली’ मोजा. सहाच भरतात. म्हणजे दोन अक्षरे पुस्तकाच्या शिवणीकडे, पानाच्या वळणात गेली आहेत. फोटोत डाव्या कडेची अक्षरे अशीच जातात, कारण पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही.

गेलेली दोन अक्षरे कोणती? इथे गंमत आहे. ‘जणू’ दोन अक्षरांचे, ‘जशी’ही दोनच अक्षरांचे. दोन्ही ओळीत चपखल बसतात, पण पहिल्याने उत्प्रेक्षा होते आणि दुसऱ्याने उपमा. मोजणीतून काहीतरी गेले आहे एवढे नक्की कळते, काय गेले ते कळत नाही. अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा ‘पान दाबून धर आणि पुन्हा फोटो काढ’ असे सांगणे बरे. (मुक्तछंदातल्या कवितेत मोजणीची ही सोय नसते. तिथे फक्त वाक्य अडखळते का, एवढेच पाहता येते.)

दुसरा फोटो येतो आणि त्यात तिसरे कडवे पूर्ण दिसते :

पावसाचे पाणी धावे
बांधाइकडे तिकडे
जणू शिवाया बसली
माय फाटके लुगडे

आणि सोबत पुढच्या पानाचाही फोटो येतो, जो पहिल्या वेळी काढलाच नव्हता. कविता तीन कडव्यांत संपली असे मुलीने धरले होते. ती संपलेली नव्हती :

बांधावरच्या आंब्याची
मुळे दोन्ही वावरांत
त्यांची नोंद कुठे नाही
मोजणीच्या नकाशात

आता आधी अलंकार पाहू आणि मध्यवर्ती कल्पनेकडे त्यांच्या वाटेने जाऊ. परीक्षेत क्रम उलटा असतो, पण विचार करताना हाच क्रम सोपा पडतो.

अर्थालंकार ओळखताना नावापासून सुरुवात करू नये. आधी दोन प्रश्न विचारावेत : कवी कशाविषयी बोलतो आहे, आणि ते कशासारखे आहे म्हणतो? पहिल्याचे उत्तर उपमेय, दुसऱ्याचे उपमान. मग या दोघांचे नाते काय ते पाहायचे. सारखे आहे असे म्हटले तर उपमा. जणू तेच आहे अशी कल्पना केली तर उत्प्रेक्षा. दोन्ही एकच आहेत असे धरूनच बोलले तर रूपक. अलंकाराचे नाव या नात्याला दिलेले असते, आणि ते बहुतेक वेळा एका छोट्या शब्दावर ठरते.

पहिल्या कडव्यात उपमेय ‘बांध’ आणि उपमान ‘अबोला’. मध्ये ‘जसा’ हा साम्यवाचक शब्द आहे, म्हणून उपमा. मुलीने हे बरोबर ओळखले. पण उपमेचा चौथा घटक म्हणजे समान धर्म, दोघांत सारखे काय ते. तो इथे कवितेत लिहिलेलाच नाही. बांध आणि अबोला सारखे कशात? दोन्ही एकाच घरातल्या माणसांच्या मध्ये येतात. दोन्ही भिंतीसारखे उंच नसतात, ओलांडता येतात, पण कोणी ओलांडत नाही. शिवाय अबोला अनोळखी माणसाशी धरता येत नाही. तो आपल्या माणसाशीच असतो. हे कवितेने सांगितलेले नाही, वाचणाऱ्याने भरायचे आहे. एखादा घटक असा गाळलेला असला की तिला लुप्तोपमा म्हणतात. दहावीला हे नाव लिहिले नाही तरी चालते, पण गाळलेला समान धर्म एका वाक्यात लिहिला, तर ‘येथे उपमा अलंकार आहे’ या कोरड्या वाक्यापेक्षा उत्तर कितीतरी वर जाते. तपासणाऱ्याला मुलाने कविता वाचली आहे की नाही ते तिथेच कळते.

दुसऱ्या कडव्यात बहुतेक मुले फसतात. ‘हरळीची गोधडी’ यात ‘जसा’ नाही, ‘जणू’ नाही, म्हणून अलंकारच नाही असे त्यांना वाटते. ‘ची’ या प्रत्ययानेही गोंधळ होतो : ‘कापसाची गादी’ म्हणजे कापसापासून केलेली, मग हरळीची गोधडी म्हणजे हरळीपासून केलेली? तपासायचा सोपा मार्ग असा की ‘ची’ काढून मध्ये ‘हीच’ घालून पाहावे. ‘हरळी हीच गोधडी’ असे म्हटल्यावर अर्थ टिकतो. ‘कापूस हीच गादी’ म्हटल्यावर टिकत नाही. म्हणजे हरळी आणि गोधडी इथे एकरूप मानलेल्या आहेत, आणि हे रूपक. हरळी म्हणजे दूर्वांच्या जातीचे चिवट गवत. शेतकरी ते शेतातून खणून काढतो आणि ते बांधावर तग धरून राहते. पानाखालचे शब्दार्थ फोटोत कापले गेले असतील, तर शहरातल्या मुलाला हा शब्द अडतो आणि रूपकही तिथेच निसटते.

त्याच कडव्यात बांध गोधडी ओढून घेतो, भांडणे ऐकतो, हात जोडतो. माती अचेतन आहे, पण तिला माणसासारखे वागवले आहे. ही चेतनगुणोक्ती. एका कडव्यात दोन अलंकार असू शकतात आणि दोन्ही लिहिता येतात, फक्त कोणता कोणत्या शब्दांत आहे ते दाखवावे लागते. ‘दुसऱ्या कडव्यात रूपक व चेतनगुणोक्ती’ एवढेच लिहून पुढे गेल्यास वाचणाऱ्याला ते अंदाजाने ठोकल्यासारखे वाटते.

तिसऱ्या कडव्यात ‘जणू’ सापडल्यावर आईचे कोडे सुटते. आई बांधावर बसलेलीच नाही. उपमेय आहे पावसाचे पाणी, बांधाच्या इकडून तिकडे धावणारे. उपमान आहे लुगडे शिवणारी माय. पाणी या बाजूने त्या बाजूला जाते, जशी सुई कापडाच्या एका अंगाने शिरून दुसऱ्या अंगाने निघते. पाणी खरोखर शिवत नाही, तसे वाटते. म्हणून उत्प्रेक्षा. ‘जणू’, ‘वाटे’, ‘भासे’, ‘गमे’ हे उत्प्रेक्षेचे ओळखीचे शब्द. पण खूण म्हणून शब्द पाठ करताना एक सांभाळावे : बोलीत ‘जणू’ कधी ‘सारखा’ याच अर्थाने येतो, आणि ‘वाटे’ तर साध्या मताच्या वाक्यातही येतो. ‘मला भीती वाटे’ यात उत्प्रेक्षा नाही, कारण तिथे उपमानच नाही. शब्द सापडला की थांबायचे नाही, उपमेय आणि उपमान दोन्ही बोटाने दाखवता आले पाहिजेत.

आता शब्दालंकार. मुलीने अनुप्रास लिहिला, कारण ‘पावसाचे पाणी’ यात ‘प’ दोनदा आहे. दोनदा आलेले अक्षर प्रत्येक ओळीत सापडेल. अक्षराच्या पुनरावृत्तीने कानाला नाद जाणवला पाहिजे, तेव्हा तो अनुप्रास. या कवितेत तो नाही असे माझे मत. यमक मात्र आहे : ओला–अबोला, तिकडे–लुगडे, वावरांत–नकाशात. संस्कृत काव्यशास्त्रात यमक म्हणजे तोच वर्णसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे, आणि तिथली अट कडक आहे. शाळेत आपण ओळीच्या शेवटच्या जुळणीलाच यमक म्हणतो, परीक्षेत तेच धरले जाते. त्या वादात मुलांनी पडू नये.

चौथ्या कडव्यात अलंकार कोणता? पुष्कळ मुले इथे ‘स्वभावोक्ती’ लिहितात. दुसरे काही सापडले नाही की हेच नाव लावायची सवय असते. स्वभावोक्तीत एखाद्या प्राण्याच्या, माणसाच्या वा वस्तूच्या हालचालींचे हुबेहूब, मनोहर वर्णन असते. इथे वर्णन नाही, एक सरळ विधान आहे : मुळे दोन्हीकडे आहेत आणि नकाशात त्यांची नोंद नाही. इथे अर्थालंकार नाही असे बेधडक लिहावे. अलंकार नसला म्हणजे कडवे कच्चे असे नव्हे. ‘मुळे’ इथे प्रतीक आहे. उपमेय सांगितलेलेच नाही, फक्त वस्तू समोर ठेवली आहे आणि ती कशाची खूण हे वाचणाऱ्यावर सोडले आहे. प्रतीक आणि अलंकार एकाच खणात टाकू नयेत, प्रतीकाबद्दल वेगळे वाक्य लिहावे.

या कडव्यात फोटोचा आणखी एक सापळा आहे, तो अनुस्वाराचा. फोटो थोडा हलला की अक्षरावरचा ठिपका पुसला जातो. ‘त्यांची नोंद’ हे ‘त्याची नोंद’ झाले तर नोंद मुळांची न राहता आंब्याची होते. मग कविता म्हणते की आंब्याची नोंद कुठेच नाही. पण बांधावरची झाडे पीक पाहणीत नोंदवता येतात, सातबाऱ्यावर येतात. गावचा कोणीही शेतकरी ‘असं कसं?’ म्हणेल. झाडाची नोंद होते, मुळांची होत नाही, यातच त्या कडव्याचा जीव आहे आणि तो एका ठिपक्यावर लटकलेला आहे. क्रियापद किंवा सर्वनाम कोणाशी जुळते ते पाहिले की असा गेलेला अनुस्वार बहुधा पकडता येतो. इथे मात्र ‘त्याची’सुद्धा व्याकरणाने बसते, त्यामुळे पुन्हा मूळ पान पाहण्याला पर्याय नाही.

आता सगळी उपमाने एकत्र मांडून बघा. भरल्या घरातला सणासुदीचा अबोला. गोधडी. फाटके लुगडे शिवणारी माय. कविता शेतातल्या बांधाची, पण एकही उपमान शेतातले नाही. सगळी घरातून आलेली आहेत. बांधाला भिंत, कुंपण, तलवार, साप असे काहीही म्हणता आले असते. भावबंदकीच्या कवितेत तसे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. इथे तसे नाही. ज्या मातीने शेत दुभागले तिचे वर्णन घरातल्या वस्तूंनी केले आहे. त्यातल्या दोन वस्तू तर जोडण्याच्या आहेत. गोधडी जुन्या कापडांचे तुकडे एकत्र शिवूनच होते आणि लुगडे फाटले तरी टाकून न देता शिवले जाते.

म्हणजे ‘जमिनीच्या वाटणीमुळे नाती तुटतात’ ही मध्यवर्ती कल्पना टिकत नाही. पहिल्या कडव्यापुरती ती बरोबर वाटते. दुसऱ्या कडव्यात ती डळमळते, कारण बांध भांडणाच्या बाजूने नाही, हात जोडून बसला आहे. तिसऱ्या कडव्यात पाणी दोन्ही बाजू शिवू लागते आणि चौथ्यात मुळे खालून दोन्हीकडे पोचलेली असतात. एक एक कडवे कल्पना पुढे ढकलत नेते. शेवटचे पान फोटोत न आल्याने मुलीचे उत्तर जवळजवळ उलटे झाले होते.

मध्यवर्ती कल्पना लिहिताना तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात. ‘बांध’ किंवा ‘भावांमधली वाटणी’ हा झाला विषय, तो दोन-तीन शब्दांत संपतो. ‘पहिल्या कडव्यात कवी म्हणतो, दुसऱ्या कडव्यात कवी म्हणतो’ असे क्रमाने लिहिणे हा झाला सारांश. मध्यवर्ती कल्पना म्हणजे त्या विषयाबद्दल कविता काय म्हणते ते, पूर्ण वाक्यात. ती बरोबर आहे का हे तपासायला एक उपाय आहे : लिहिलेल्या वाक्याशी कवितेतले कोणते कडवे भांडते का ते पाहावे. एक जरी कडवे भांडले तरी वाक्य बदलावे लागते, कडवे सोडून देता येत नाही. मुलीच्या वाक्याशी तर शेवटची तिन्ही कडवी भांडतात.

दुसऱ्या फोटोनंतर तिने लिहिलेले उत्तर साधारण असे होऊ शकते :

‘जमिनीची वाटणी करता येते, पण तिच्याखाली रुजलेल्या नात्यांची वाटणी करता येत नाही, ही या कवितेची मध्यवर्ती कल्पना आहे. भावांना वेगळे करणारा बांध कवितेत सुरुवातीला घरातल्या अबोल्यासारखा दिसतो. पुढे तोच बांध हात जोडणारा मूक साक्षीदार होतो, पावसाचे पाणी जणू दोन्ही बाजू शिवते आणि शेवटी आंब्याची मुळे दोन्ही शेतांत पसरलेली दिसतात. अबोला, गोधडी, लुगडे ही सर्व उपमाने घरातील असल्यामुळे दुभागलेले शेत मुळात एकाच घराचे आहे ही जाणीव कवितेत सतत राहते. कागदावरची मोजणी आणि जमिनीखालची मुळे यांतील विरोधातून हा आशय अधिक ठळक होतो.’

यात आशय आणि अलंकार एकमेकांना धरून आले आहेत. काव्यसौंदर्याचा मुद्दा वेगळा लिहिताना उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, उत्प्रेक्षा यांतले दोन निवडून उपमेय-उपमानासह लिहिले की पुरे. चारही कोंबायची गरज नाही, जागाही नसते. भाषिक वैशिष्ट्यांत अष्टाक्षरीची रचना, ‘हरळी’, ‘वावर’, ‘लुगडे’ हे ग्रामीण शब्द आणि त्यांच्या शेजारी ‘नोंद’, ‘मोजणी’, ‘नकाशा’ हे कचेरीचे शब्द यांचा उल्लेख करता येतो. शेवटच्या कडव्यात हे दोन प्रकारचे शब्द समोरासमोर आले आहेत, एवढे निरीक्षणही चांगले गुण मिळवून देईल.

मुद्द्यांवर आधारित प्रश्नात कधी ‘कवितेतून मिळणारा संदेश’ विचारतात. तिथे ‘भावांनी भांडू नये, एकोप्याने राहावे’ असे लिहिणे चुकीचे नाही, पण ते आपण कवितेतून काढलेले आहे, कवितेने म्हटलेले नाही. भाऊ भांडतात की नंतर समजुतीला येतात, हे कवितेत कुठेच नाही. म्हणून संदेशाचे वाक्य मध्यवर्ती कल्पनेच्या जागी लिहू नये. त्याच प्रश्नात कविता आवडण्याची किंवा न आवडण्याची कारणे मागितलेली असतात आणि जवळजवळ सगळी मुले आवडल्याचेच लिहितात. न आवडल्याचेही लिहिता येते, कारण कवितेतले दाखवता आले पाहिजे, एवढेच. या कवितेत ‘ओढून’शी जुळावे म्हणून ‘हात जोडून’ आले आहे असे वाटते. गोधडी ओढून घेतलेल्याने पुन्हा हात जोडावेत हे चित्र नीट बसत नाही, असे कोणी लिहिले तर मी त्या उत्तराला पूर्ण गुण देईन.